न रडणारे बाळ आणि मोठेपणीचे ‘काही नाही’

अबोली_के

नमस्कार. मानसशास्त्राशी माझा संबंध वाचकापुरता आहे आणि तोही गेल्या दोन महिन्यांतला, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास सांभाळून घ्यावे.

एका मैत्रिणीने पाठवलेली ‘अटॅचमेंट स्टाइल’ची, म्हणजे जवळच्या माणसांशी आपण कसे जोडले जातो याची, प्रश्नावली मी सोडवली आणि मी ‘जवळीक टाळणारी’ निघाले. हसून सोडून दिले असते, पण दोन गोष्टी एकमेकींना चिकटून मनात राहिल्या. आई नेहमी सांगते की दीड वर्षाची असताना मला पाळणाघरात ठेवले तेव्हा मी एकदाही रडले नाही. संध्याकाळी ती घ्यायला आली की मी एकदा मान वर करून बघायचे आणि पुन्हा ठोकळ्यांकडे वळायचे. तिथल्या मावशी म्हणायच्या, असे शहाणे बाळ बघितले नाही.

दुसरी गोष्ट गेल्या महिन्यातली आहे. बाबांच्या तपासणीचे अहवाल चांगले आले नाहीत. घरी आल्यावर नवऱ्याने चेहरा बघून विचारले, तर मी ‘काही नाही’ म्हणाले आणि दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत बसले. तो थोडा वेळ दारात उभा राहिला आणि मग म्हणाला, “मी या घरात पाहुणा आहे का?” मला त्याचा राग आला नाही, पण उत्तरही सुचले नाही.

दीड वर्षाच्या बाळाची सवय चौतीस वर्षांच्या बाईच्या संसारात नेमकी कोणत्या वाटेने येते, हे कोणी सोप्या भाषेत सांगेल का? आणि त्या प्रश्नावलीवर कितपत विश्वास ठेवावा?

रोखठोक

उत्तर सरळ आहे. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने हे फार पूर्वी मांडून ठेवले आहे. मूल पहिल्या तीन वर्षांत आईकडून शिकते की जगावर विश्वास ठेवायचा की नाही, आणि जे शिकते ते जन्मभर टिकते. आई सतत जवळ असली की मूल सुरक्षित होते, नसली की टाळणारे किंवा चिकट होते. तुमच्या आई नोकरी करत होत्या, तुम्ही पाळणाघरात वाढलात, त्यामुळे तुमचा निकाल अपेक्षितच आहे. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही.

काठावरून

रोखठोक यांचा पाया बरोबर आहे, पण त्यावर चढवलेले मजले डळमळीत आहेत. मी बालविकासाच्या क्षेत्रात काम केले आहे आणि अशा अभ्यासांच्या चित्रफिती बघून गुण देण्याचे प्रशिक्षणही घेतले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

‘अटॅचमेंट’साठी पाठ्यपुस्तकांत ‘आसक्ती’ हा शब्द दिसतो आणि तो वाचला की मला गीतेचा दुसरा अध्याय आठवतो. ‘लळा’ हा शब्द मला जास्त जवळचा वाटतो, कारण लळा ‘लागतो’, म्हणजे सहवासातून तयार होतो. बोल्बी यांचे म्हणणे असे होते की भीती वाटली, दुखले, थकवा आला की एका ठरावीक माणसाकडे धाव घेणे ही लहान मुलाची भुकेइतकीच मूळ गरज आहे. धाव घेतल्यावर काय होते, याचा अनुभव शेकडो वेळा येतो आणि त्यातून मुलाच्या मनात एक अंदाज तयार होतो. अबोली यांच्या प्रश्नाचे मूळ या अंदाजात आहे.

तो अंदाज बघायचा कसा, हे मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९६०च्या दशकात दाखवले. त्यांच्या गटाने २६ कुटुंबांच्या घरी बाळाच्या पहिल्या वर्षभर दर तीन आठवड्यांनी जाऊन, प्रत्येक वेळी सुमारे चार तास बसून नोंदी केल्या. बाळ वर्षाचे झाले की आई आणि बाळ यांना एका अनोळखी खोलीत बोलावले जाई. खोलीत खेळणी आणि खुर्च्या, आणि भिंतीत एकाच बाजूने दिसणारी काच. वीसेक मिनिटांत बरेच काही घडे. आधी आई आणि बाळ दोघेच असत, मग एक अनोळखी बाई येई, आई बाहेर जाई, परत येई, पुन्हा जाई आणि या वेळी बाळ अगदी एकटे राही, मग ती अनोळखी बाई येई आणि शेवटी आई परत येई. प्रत्येक टप्पा साधारण तीन मिनिटांचा असे आणि बाळ फार रडले तर लगेच आवरता घेतला जाई.

बघणाऱ्याचे लक्ष स्वाभाविकपणे आई बाहेर जाते त्या क्षणाकडे जाते, मात्र गुण मुख्यतः आई परत येते तेव्हाच्या वागण्याला दिले जातात. बाळ तिच्याकडे जाते का, उचलल्यावर बिलगते का, अंग ताठ करून ढकलते का, नजर चुकवते का, हे पाहिले जाते. बहुतेक बाळे आई परत आल्यावर तिच्याकडे झेपावली, थोड्या वेळात शांत झाली आणि पुन्हा खेळायला लागली. त्यांना सुरक्षित म्हटले गेले. काही बाळे बिलगत होती आणि त्याच वेळी चिडून लाथाही झाडत होती, त्यांचे समाधान होत नव्हते. त्यांना चिंतातुर म्हटले गेले. आणि साधारण पाचातले एक बाळ आई आली तरी खेळण्याकडेच बघत राही. अशा बाळांना टाळणारी म्हटले गेले. अबोली यांचे ठोकळे मला तिथे दिसले.

आता यातली गोम अशी की ही शांत दिसणारी बाळे आतून शांत नसत. पुढच्या काळात अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले तेव्हा आई गेल्यावर त्यांचेही ठोके रडणाऱ्या बाळांसारखेच वाढलेले आढळले. एन्सवर्थ यांच्या घरच्या नोंदींत तर हीच बाळे सुरक्षित बाळांपेक्षा जास्त रडत होती. त्यांच्या आया त्यांना कमी वेळ उचलत होत्या असेही नाही, पण बाळ स्वतःहून बिलगायला आले की त्यांना ते नकोसे होई. म्हणजे बाळाला गरज होतीच, पण ती उघड दाखवली की माणूस जरा लांब सरकतो आणि दाखवली नाही तर निदान जवळपास राहतो, असा अंदाज त्याने बांधला होता. वर्षाच्या बाळाच्या दृष्टीने ही चांगली शहाणी युक्ती आहे.

चिमणीची_आई

हे वाचून मला झोप लागणार नाही. माझी मुलगी अकरा महिन्यांची आहे. गेल्या सोमवारपासून पाळणाघराच्या दारात ती माझी ओढणी धरून किंचाळते. रोखठोक म्हणतात पाळणाघरामुळे असुरक्षित होते आणि काठावरून म्हणतात बाळाच्या वागण्यावरून कळते. मग माझी मुलगी चिंतातुर प्रकारची झाली का? मी नोकरी सोडावी का?

काठावरून

चिमणीची_आई, धाग्याचा प्रश्न मोठ्या माणसांचा आहे, पण तुमच्या शंकेचे उत्तर आधी देते. आठ-नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत आई निघाली की रडणे हे लळा लागल्याचे लक्षण आहे आणि सुरक्षित बाळेही भरपूर रडतात. दारातल्या रडण्यावरून कोणताही प्रकार ठरत नाही. संध्याकाळी तुम्ही घ्यायला गेल्यावर ती तुमच्याकडे येते का आणि कडेवर घेतल्यावर काही वेळात निवते का, एवढे बघा. एखाद्या दिवशी रुसली तर त्याचाही अर्थ काढू नका.

पाळणाघराबद्दल सांगायचे तर अमेरिकेत १९९१ साली जन्मलेल्या हजाराहून अधिक बाळांचा मोठा अभ्यास झाला. पाळणाघरात राहण्यामुळे बाळ असुरक्षित होते असे त्यात आढळले नाही. घरी आईचा प्रतिसाद फारच तोकडा असेल आणि जोडीला पाळणाघरही निकृष्ट असेल किंवा तिथले तास जास्त असतील, तेव्हा मात्र धोका वाढलेला दिसला. त्यामुळे ‘आई नोकरी करत होती म्हणून’ हे वाक्य मी तरी लिहिणार नाही.

चिमणीची_आई

संध्याकाळी ती माझ्या खांद्यात तोंड खुपसते आणि रिक्षात बसेपर्यंत झोपते. आभारी आहे. आता मी फक्त वाचते.

शंकासुर

मला दोन आक्षेप नोंदवायचे आहेत आणि ते खोडसाळपणे घेऊ नयेत.

पहिला आक्षेप असा की बाल्टिमोरमधल्या २६ मध्यमवर्गीय कुटुंबांवरून जगभरच्या बाळांना तीन खणांत बसवणे धाडसाचे आहे. जपानमध्ये साप्पोरो इथे हाच प्रयोग झाला तेव्हा टाळणारी बाळे सापडलीच नाहीत आणि चिडून बिलगणारी मात्र पुष्कळ निघाली. तिथल्या बाळांना आईशिवाय राहण्याची सवयच नव्हती, त्यामुळे खोलीत एकटे ठेवणे हा त्यांच्यासाठी मोठाच धक्का होता. उलट जर्मनीत बीलेफेल्ड इथे जवळपास निम्मी बाळे टाळणारी निघाली आणि तिथल्या संशोधकांनीच सांगितले की मुलाने लवकर स्वावलंबी व्हावे अशी तिथल्या पालकांची इच्छा असते. मग आपण मुलाचे मन मोजतो की त्या गावची रीत?

दुसरा आक्षेप स्वभावाचा. काही मुले जन्मतःच किरकिरी असतात, काही थंड असतात. सगळे श्रेय किंवा खापर आईच्या प्रतिसादावर का?

काठावरून

दोन्ही आक्षेप वजनदार आहेत. पहिल्यावर माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. आठ देशांतल्या ३२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण १९८८ साली प्रसिद्ध झाले. त्यात देशादेशांतल्या फरकांपेक्षा एकाच देशातल्या वेगवेगळ्या अभ्यासांमधला फरक जास्त निघाला आणि सुरक्षित गट बहुतेक ठिकाणी सर्वांत मोठा होता. पण तुम्ही म्हणता त्याप्रमाणे, ज्या घरात बाळ दिवसभर चार जणांच्या कडेवर फिरते तिथे ‘एकटे ठेवणे’ म्हणजे काय, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

स्वभावाबद्दल मात्र एक चांगला प्रयोग आहे. नेदरलँड्समध्ये मुद्दाम किरकिरी बाळे असलेली शंभर गरीब कुटुंबे निवडली गेली. बाळ सहा ते नऊ महिन्यांचे असताना निम्म्या आयांकडे कोणीतरी तीन वेळा घरी जाऊन, बाळाचे इशारे कसे ओळखावेत आणि त्याला कसे शांत करावे, हे त्याच बाळासोबत करून दाखवले. वर्षाच्या वयात या गटातली ६२ टक्के बाळे सुरक्षित निघाली आणि ज्यांच्याकडे कोणी गेले नव्हते त्या गटात फक्त २२ टक्के. स्वभाव किरकिरा असला तरी पुढचा मार्ग ठरून गेलेला नसतो, एवढे यावरून म्हणता येते. स्वभावाचा काहीच वाटा नसतो, असे मात्र म्हणता येत नाही.

आजोळचा

माझा अनुभव लिहितो. तो विषयाला धरून आहे की नाही ते जाणकारांनी सांगावे.

मी पाच वर्षांचा होईपर्यंत आजोळी कोकणात आजीजवळ वाढलो, कारण आई-वडील डोंबिवलीत एका खोलीत राहत होते आणि दोघेही नोकरीवर जात. आजीच्या पदराला धरूनच मी हिंडायचो. पहिलीत घालायच्या वेळी वडील मला घ्यायला आले. एसटीत बसताना आजी म्हणाली, “मी मागच्या गाडीने येते.” ती आली नाही. पुढे कित्येक दिवस मी चाळीच्या जिन्यात बसून वाट बघत होतो.

आज मी एकेचाळीस वर्षांचा आहे. बायकोने फोन उचलला नाही की मी दुसरा, तिसरा, सातवा फोन करतो, आणि तिने उचलल्यावर आनंद होण्याऐवजी मी भांडतो. ती म्हणते, फोन उचलला तरी तुझे समाधान नाही. ते चिडून बिलगणारे बाळ वाचले तेव्हा मी मोबाइल खाली ठेवला.

रोखठोक

आजोळचा, तुमचे उदाहरण माझेच म्हणणे सिद्ध करते. आई जवळ नव्हती.

आजोळचा

आजी होती की. आईची उणीव मला त्या वयात कधी जाणवली नाही. तुटले ते आजीपासून, आणि तेही खोटे सांगून.

काठावरून

आजोळचा यांनी माझे काम केले. लळा जन्मदात्रीलाच लागतो असे नाही. जो माणूस सातत्याने प्रतिसाद देतो त्याचा लागतो आणि तो एकाहून अधिक जणांचाही लागतो. बोल्बी यांच्या सुरुवातीच्या लिखाणात आईवर फार भर होता आणि त्यामुळे अनेक आयांना विनाकारण अपराधी वाटले, हे खरे आहे. फक्त आजोळचा यांनाही सावध करते की एका घटनेवरून एकेचाळीस वर्षांचा हिशेब लावणे आकर्षक असले तरी बहुधा अपुरे असते. जिन्यात बसलेल्या त्या मुलाशी तेव्हा कोण काय बोलले, हेही तितकेच महत्त्वाचे असू शकते.

आता अबोली यांच्या मूळ प्रश्नाकडे येते. बाळपण ते संसार ही वाट लांब आहे आणि मध्ये थांबे आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९७०च्या दशकाच्या मध्यापासून गरीब घरांतल्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला. त्यांतल्या ७८ जणांवरचा निबंध २००७ साली आला. वर्षाच्या वयात सुरक्षित असलेली मुले शाळेच्या पहिल्या इयत्तांत सवंगड्यांशी अधिक चांगली जुळवून घेणारी ठरली. जी चांगली जुळवून घेत होती त्यांची सोळाव्या वर्षीची मैत्री अधिक विश्वासाची होती, आणि ज्यांची मैत्री तशी होती त्यांच्या विशीतल्या प्रेमसंबंधांत कटुता कमी होती. म्हणजे पाळण्यातला अंदाज थेट लग्नात उडी मारत नाही. प्रत्येक थांब्यावर तो नव्या माणसावर ताडून बघितला जातो आणि तिथे बदलूही शकतो. दुसऱ्या एका अभ्यासात वीस वर्षांनी पुन्हा भेटलेल्या ५० जणांपैकी ७२ टक्के जण सुरक्षित की असुरक्षित या बाबतीत तसेच राहिले होते. जे बदलले त्यांच्यापैकी अनेकांच्या बालपणात आई किंवा वडील जाणे, घटस्फोट, गंभीर आजार असे काही घडले होते. मात्र सगळेच अभ्यास इतके सातत्य दाखवत नाहीत. काहींत ते फारच क्षीण आहे.

मोठेपणी हा अंदाज कधी दिसतो, हे दाखवणारा एक प्रयोग मला विशेष आवडतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रेमात असलेली ८३ जोडपी होती. मुलीला सांगितले जाई की थोड्या वेळाने तुला अशा एका प्रक्रियेला सामोरे जायचे आहे जिची बहुतेकांना भीती वाटते, आणि तिला उपकरणे ठेवलेली एक अंधारी खोली दाखवली जाई. मग ‘तयारी होईपर्यंत बसा’ असे सांगून जोडप्याला पाच मिनिटे एकत्र बसवून त्यांच्या नकळत चित्रण होई. नंतर प्रत्यक्षात काहीच केले जात नसे. सुरक्षित मुली जितक्या घाबरल्या तितक्या जोडीदाराकडे अधिक वळल्या. टाळणाऱ्या मुली कमी घाबरलेल्या असताना गप्पा मारत होत्या, धीरही मागत होत्या, पण भीती जसजशी वाढली तसतशा त्या दूर झाल्या. मुलांच्या बाबतीतही तसेच दिसले. टाळणाऱ्या मुलांनी घाबरलेल्या जोडीदाराला सर्वांत कमी आधार दिला.

अबोली, तुम्ही एरवी नवऱ्याशी मोकळेपणाने बोलत असाल, सहलींना जात असाल, त्याची थट्टाही करत असाल, असा माझा कयास आहे. दुरावा नेमका बाबांच्या अहवालाच्या दिवशी आला. तुमची जवळिकीची इच्छा कमी आहे असे यातून निघत नाही. गरज जितकी मोठी तितकी ती लपवलेली बरी, असा जुना अंदाज त्या दिवशी काम करत असावा. आणि कपड्यांच्या घड्या म्हणजे ठोकळेच की.

प्रश्नावलीबद्दल थोडक्यात सांगते. या प्रकारच्या पहिल्या प्रश्नावलींपैकी एक १९८७च्या संशोधनासाठी डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात छापली होती आणि ६२० वाचकांची उत्तरे तपासली गेली. सुमारे ५६ टक्क्यांनी स्वतःला सुरक्षित म्हटले. ती आणि तिच्या वंशातल्या सगळ्या प्रश्नावल्या तुम्ही ‘आज’ नात्याबद्दल काय मानता हे विचारतात. बाळपणी काय घडले, हे त्या मोजत नाहीत.

अबोली_के

कयास तंतोतंत खरा आहे. आमच्या गप्पा रात्री एकपर्यंत चालतात. फक्त वाईट बातमी आली की मी स्वयंपाकघरात काहीतरी घासायला लागते.

काल आईला फोन करून विचारले. ती आधी म्हणाली, तुला काही त्रास नव्हता. मग जरा वेळाने म्हणाली, “मला शेवटची बस गाठायची असायची. तू रडलीस तर मीही रडले असते, म्हणून मी तुला तिथे कधी जवळ घेत नव्हते, बोट धरून थेट रस्त्यावर आणायचे.” मला तिची फार कीव आली.

शंकासुर

अबोली, तुमच्या भावनांचा आदर ठेवून लिहितो की ही तीन दशकांनंतरची आठवण आहे, आणि तीही तुम्ही प्रश्न विचारल्यावर आलेली. सिद्धांताला जुळणारी आठवण फार सहज सापडते.

काठावरून

मान्य. म्हणूनच मोठ्या माणसांशी केल्या जाणाऱ्या सखोल मुलाखतीत आठवण खरी की खोटी, हे तपासलेच जात नाही. ही पद्धत मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कले इथे तयार केली. लहानपणच्या आईबद्दल पाच विशेषणे सांगायची आणि मग प्रत्येक विशेषणाला साजेशी एकेक घटना सांगायची. गुण घटनेला नसून सांगण्याच्या सुसंगतीला असतात. ‘आई फार प्रेमळ होती’ म्हटल्यावर ‘प्रेमळ म्हणजे प्रेमळच, आता उदाहरण आठवत नाही’ असे आले, तर गुण देणारा त्याची नोंद घेतो. उलट ज्याचे बालपण कठीण गेले पण जो ते सरळ, प्रमाणात आणि आईची बाजूही समजून सांगू शकतो, त्याला सुरक्षित गटात घेतले जाते. गंमत म्हणजे या मुलाखतीचे निकाल आणि तुम्ही सोडवली तशा प्रश्नावलीचे निकाल एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. त्यामुळे प्रौढांच्या बाबतीत आपण नेमके काय मोजतो, यावर संशोधकांतही एकमत नाही. ही मुलाखत घरी खेळण्यासारखी नाही आणि गुणांकन शिकायलाही बराच काळ लागतो.

अबोली_के

घरी खेळू नका म्हणालात, तरी मी रात्री मनातल्या मनात करून पाहिले. कष्टाळू, चोख, हसरी या तीन विशेषणांच्या घटना लगेच आठवल्या. चौथे विशेषण ‘मायाळू’ निघाले आणि तिथे मी अडकले. नवरा जागा होता. काय झाले असे त्याने विचारले तेव्हा तोंडातून ‘काही नाही’ निघालेच, पण मी उठून स्वयंपाकघरात गेले नाही. पाचेक मिनिटांनी त्याला बाबांचे अहवाल सांगितले. त्याने फक्त इतकेच विचारले की पुढची तपासणी कधी आहे.

चौथ्या विशेषणाची घटना अजून आठवलेली नाही.